चढावर गाडी बंद का पडते? क्लच, टॉर्क, एचपी आणि ॲव्हरेजचा हिशोब

सोलापुरात होटगी रोडवरून आसऱ्याचा रेल्वे पूल चढताना पुढची रिक्षा थांबते, म्हणून तुम्हीही थांबता. रिक्षा सुटते. तुम्ही पहिला गिअर टाकता, क्लच सोडता, गाडी एक हिसका देते आणि बंद पडते. मागून हॉर्न सुरू. शेजारी बसलेले ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणतात, "हाफ क्लच धरा की." दुसऱ्यांदा तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबता, इंजिन बोंबलतं, गाडी कशीबशी वर जाते आणि आत जळका वास येतो.

टॉर्क, एचपी, क्लच, ॲव्हरेज हे चारही शब्द या एका प्रसंगात सापडतात. सुरुवात क्लचपासून करू, कारण बाकीचे शब्द न कळताही गाडी चालवता येते, क्लच न कळता ती जागची हलवता येत नाही.

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाची एक मोठी अडचण आहे. ते शून्य वेगाने फिरू शकत नाही. पंखा बंद असतो, बटण दाबलं की शून्यापासून हळूहळू वेग घेतो. इंजिनाला ते जमत नाही. गाडी नुसती चालू ठेवून उभी असते तेव्हाही इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे मारत असतं. या फेऱ्यांनाच आरपीएम म्हणतात. ते पाचशेच्या खाली ओढलं गेलं की धडधडतं आणि मरतं. चाकं मात्र उभ्या गाडीत पूर्ण थांबलेली असतात. म्हणजे एक टोक 800 वर, दुसरं शून्यावर, आणि दोन्ही एकमेकांना जोडायची आहेत.

आता पहिल्या गिअरचा हिशोब बघा. एक लिटर इंजिनाची लहान पेट्रोल गाडी धरू. अशा गाडीत पहिल्या गिअरला इंजिनाचे सुमारे 15 फेरे झाले की चाक एकदा फिरतं. इंजिन 800 वर असेल तर चाक मिनिटाला 53 वेळा फिरणार. चाकाचा घेर सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे गाडी मिनिटाला 93-94 मीटर जाणार. ताशी वेग काढला तर साडेपाच ते सहा किलोमीटर.

याचा अर्थ असा की पहिला गिअर पूर्ण जोडलेला असेल तर गाडी सहाच्या खाली नीट चालूच शकत नाही. शून्य ते सहा या टप्प्यासाठी कुठलाही गिअर नाही. तेवढा टप्पा क्लचने घासत, सरकत पार करायचा असतो. तुम्ही पाय एकदम सोडला की उभ्या गाडीने क्षणात सहाचा वेग घ्यावा अशी मागणी होते. हजार-बाराशे किलोचं धूड असं क्षणात हलत नाही. उलट तेच इंजिनाला ओढून थांबवतं. गाडी बंद पडते ती ताकद कमी म्हणून नव्हे, तर या टप्प्याला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून.

क्लचची आतली रचना फार अवघड नाही. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते, ती इंजिनाबरोबर सतत फिरते. तिच्या समोर क्लच प्लेट असते. ही जेवणाच्या लहान ताटाएवढी चकती, दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर लावलेली, आणि ती गिअरबॉक्सला जोडलेली असते. तिच्या मागे प्रेशर प्लेट, तिच्यात मजबूत स्प्रिंग. ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. लक्षात घ्या, पाय पेडलवर नसतो तेव्हा सगळं जोडलेलं असतं. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगचा दाब काढून घेतं आणि प्लेट मोकळी होते. "क्लच दाबला" म्हणजे इंजिन आणि चाकं वेगळी केली, "क्लच सोडला" म्हणजे जोडली. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ या उलट्या अर्थामुळे होतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा असते, जिथे प्लेट फ्लायव्हीलला नुसती घासू लागते. तोच हाफ क्लच. नाव फसवं आहे. पेडल निम्म्यावर आलं की हाफ क्लच होतो असं अजिबात नाही. कुठल्या गाडीत तो अगदी खाली मिळतो, कुठल्या गाडीत बराच वर. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसलेला माणूस घरच्या गाडीत पुन्हा दोन दिवस हिसके खातो.

ही जागा शोधायला सपाट रिकामं मैदान पुरतं. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पायही लावू नका, टाच जमिनीला टेकवून क्लच मिलिमीटर-मिलिमीटरने सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जाडसर होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, आरपीएमचा काटा असेल तर तो थोडा खाली येतो. तिथेच पाय थांबवा. गाडी आपोआप सरकू लागेल, कारण हल्लीच्या गाड्यांत इंजिन दमतंय असं दिसलं की संगणक स्वतःच थोडं पेट्रोल वाढवतो. चालण्याच्या वेगाने गाडी जाऊ लागली की मग पाय पूर्ण काढा. चूक होते ती थांबण्याच्या या दोन सेकंदांत. गाडी हलली या आनंदात पाय सुटतो, वेग दोन-तीनच असतो, आणि हिसका बसतो.

पुलावर याच कृतीत हँडब्रेक येतो. गाडी थांबली की हँडब्रेक ओढा. पहिला गिअर. ॲक्सिलरेटर इतकाच की इंजिन दीड हजाराच्या आसपास फिरेल. काटा नसेल तर आवाजावरून ओळखा, गुणगुण स्पष्ट वाढली पाहिजे, ओरड नको. क्लच सोडत हाफ क्लचला आणा. गाडीचं नाक उचललं, मागचा भाग किंचित दबला की समजा ती आता हँडब्रेकविरुद्ध ओढतेय. मग हँडब्रेक सोडा, क्लच तिथेच धरून गाडी पाच-सहाच्या वेगाला येऊ द्या, आणि मगच पाय काढा. लायसन्सच्या चाचणीत चढावर थांबून मागे न सरकता गाडी काढणं तपासलं जातं ते हेच.

आता त्या जळक्या वासाकडे वळू. घासणं म्हणजे उष्णता. काहीजण चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवरच गाडी तोलून धरतात, पुढचा सरकला की थोडं पुढे, नाहीतर जागच्या जागी डोलत. बघायला कौशल्य वाटतं. प्रत्यक्षात इंजिन जेवढी ताकद पाठवतंय ती सगळी प्लेटवर उष्णता होऊन जिरत असते, कारण गाडी तर हलतच नाही. माणसांसकट साडेअकराशे किलोची गाडी, 25 मीटरला एक मीटर चढणारा रस्ता आणि दीड हजार आरपीएम धरले तर ही उष्णता हजार वॉटच्या आसपास येते. म्हणजे घरातली इस्त्री चालू करून क्लचच्या बंद डब्यात ठेवल्यासारखंच. आणि आरपीएम तीन हजार केले तर चाकांना ताकद तेवढीच जाते, उष्णता मात्र दुप्पट. जोरात ॲक्सिलरेटर देऊन क्लच घासत राहिलात की वास येतो तो यामुळे. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही, पण रोज आला तर जाणार.

दमलेली प्लेट ओळखायची खूण अशी: चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, काटा चढतो, पण गाडी तेवढा वेग घेत नाही. याला क्लच स्लिप होणं म्हणतात. उलट दुखणं म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना करकर येणं. तिथे प्लेट पूर्ण मोकळी होत नाहीये, बऱ्याचदा केबलची सेटिंग बिघडलेली असते. आणि पेडल दाबलं की आवाज, सोडलं की बंद, असं असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. ते लवकर खराब करायचा हमखास उपाय म्हणजे गाडी चालवताना डावा पाय सतत पेडलवर टेकवून ठेवणं. बऱ्याच गाड्यांत पेडलच्या डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती शोभेसाठी नाही.

आता टॉर्क. पंक्चर काढताना चाकाचा नट सोडवला असेल तर टॉर्क तुम्हाला माहीत आहे. पान्याच्या टोकावर जोर दिला की नटावर जो पीळ पडतो तो टॉर्क. पाना लांब घेतला की तेवढ्याच जोरात जास्त पीळ मिळतो, म्हणून गॅरेजवाला पान्याला पाइप लावतो. आपल्या लहान गाडीच्या कागदावर लिहिलेलं असतं "89 एनएम, 3,500 आरपीएमला". एनएम म्हणजे न्यूटन-मीटर, पीळ मोजायचं माप. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर 36 किलोचं वजन टांगलं की तेवढा पीळ होतो. इतकंच? हो, इतकंच. इंजिन नुसतं चाकाला जोडलं तर ते चार माणसांना चढावर नेताना घायकुतीला येईल. पहिला गिअर त्या पिळाला पंधरापट करतो आणि बदल्यात वेग पंधरा भागांत वाटून टाकतो. गिअर म्हणजे पान्याला लावलेला तो पाइपच.

पण आकड्यापेक्षा त्याच्यापुढचा "3,500 आरपीएमला" हा भाग महत्त्वाचा. पूर्ण पीळ तिथे मिळतो, 800 वर नव्हे. नुसत्या चालू इंजिनाकडे फार थोडा पीळ शिल्लक असतो. म्हणून सपाट मैदानावर ॲक्सिलरेटरशिवाय सरकणारी गाडी पुलावर बंद पडते, आणि म्हणून चढावर आधी ॲक्सिलरेटर थोडा द्यायचा. डिझेल गाडीत हाच पीळ खूप जास्त आणि दीड-दोन हजारालाच मिळतो. तिच्यावर शिकलात तर चुका झाकल्या जातात, पेट्रोलवर शिकलात तर पाय तयार होतो.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर समजायला सोलापुरात लांब जायला नको. विहिरीवर "पाच एचपीची मोटर" कोणीही सांगतो. पाऊण क्विंटल ज्वारीचं पोतं एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याचं काम म्हणजे एक एचपी. (गाडीच्या कागदावर बहुधा पीएस लिहिलेलं असतं. दोन्हींत दीड टक्क्याचाही फरक नाही, पोत्याचा हिशोब खरं तर पीएसचा.) इथे किती सेकंदांत हा प्रश्न आला. टॉर्क सांगतो पीळ किती, एचपी सांगते तो पीळ किती झपाट्याने काम उरकतो. म्हणून एचपी काढताना टॉर्कला आरपीएमने गुणतात आणि एका ठराविक आकड्याने भागतात. 89 एनएम आणि 3,500 आरपीएमला सुमारे 44 एचपी होतात. तेच इंजिन 5,500 वर नेलं तर पीळ थोडा घटून 85 च्या घरात येतो, पण फेरे वाढल्यामुळे एचपी 67 होते. जाहिरातीत छापतात तो आकडा हा.

मग एक गंमत बघा. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर 50 एचपीच्या आसपासचा असतो. आपली लहान गाडी 67 ची. कागदावर गाडी वरचढ, तरी तिला ट्रॉली लावायची कल्पनाही कोणी करणार नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा पीळ या गाडीच्या दुप्पट असतो आणि तो दोन हजार किंवा त्याहून कमी आरपीएमला मिळतो. त्याचे गिअर त्या पिळाला आणखी कितीतरी पट करतात. मोठी मागची चाकं आणि वजन यांमुळे तो जमिनीवर पकडही ठेवतो. बदल्यात तो वेग देऊन बसलेला असतो, पंधरा-वीसच्या पुढे सरकत नाही. एचपी म्हणजे एकूण कमाई. ती कोणी वेगावर खर्च करतो, कोणी ओढण्यावर.

हाच ट्रॅक्टर पुणे हायवेवर तुमच्या पुढे आला की एचपीचा धडा पायात उतरतो. पाचव्या गिअरमध्ये साठच्या वेगात आपली गाडी साधारण 1,900 आरपीएमवर असते. तिथे जोर देऊन दाबलं तरी इंजिनाकडे वीस-बावीस एचपीच असतात. नवशिका ॲक्सिलरेटर तळाशी नेतो, गाडी कुंथते, आणि दोन ट्रॉल्यांची लांबी संपता संपत नाही. तोच साठचा वेग तिसऱ्या गिअरला सुमारे 3,100 आरपीएमवर येतो. तिथे चाळीसच्या आसपास एचपी मिळतात, जवळजवळ दुप्पट. म्हणून ओव्हरटेकसाठी गिअर आधी खाली आणायचा, ट्रॅक्टरच्या मागे असतानाच, शेजारी गेल्यावर नव्हे. रात्री तर आणखी एक खबरदारी: मागच्या ट्रॉलीला दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतोच असं धरूनच चालावं.

राहिलं मायलेज, म्हणजे आपल्या भाषेत ॲव्हरेज. कंपनी सांगते तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठराविक पद्धतीने चालवून काढलेला असतो. एसी बंद, वेग नव्वदच्या पुढे नाही, खड्डे नाहीत, मे महिना नाही. त्या आकड्याला खोटं म्हणण्यात अर्थ नाही, तो दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता आहे. स्वतःच्या गाडीचा आकडा काढायचा तर टाकी पंपावरचं नोझल पहिल्यांदा टक करून थांबेपर्यंत भरा, नंतर रुपयाच्या गोल आकड्यासाठी वर ओतायला लावू नका. ट्रिप मीटर शून्य करा. अडीचशे-तीनशे किलोमीटर झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या टकपर्यंत भरा. मीटर 268 किलोमीटर दाखवतोय आणि टाकीत 14.9 लिटर मावलं, तर ॲव्हरेज 18. पन्नास-साठ किलोमीटरवर हा हिशोब केला तर टाकी थोडी कमी-जास्त भरल्यानेच आकडा दोन-तीनने चुकतो. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज म्हणून ठीक.

शहरात ॲव्हरेज कुठे जातं? उभं राहण्यात जातं. लहान पेट्रोल इंजिन जागेवर चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी असेल तर आणखी जास्त. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलात तर सुमारे 200 मिलिलिटर पेट्रोल एक मीटरही न जाता संपलं, म्हणजे साडेतीन किलोमीटरचा रस्ता. टायरची हवा कमी असेल तर रोजच तोटा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी तपासा. सोलापूरच्या उन्हात दुपारी हायवेवरून आलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवणारच, तेव्हा हवा काढलीत तर सकाळी ती कमी भरेल.

आणि एक सवय, जी पेट्रोल वाचवायच्या नावाखाली ते खर्च करते. पुलाचा माथा ओलांडला की गाडी न्यूट्रल करून खाली सोडायची. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत थोडं वाचतही असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की, आरपीएम पुरेसे असतील तर, संगणक पेट्रोल बंदच करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. न्यूट्रल केलं की तो जोर तुटतो आणि इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल पुन्हा सुरू करावं लागतं. शिवाय गाडीला धरून ठेवणारं इंजिन सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतारावर तिसरा किंवा दुसरा गिअर ठेवा, दोन्ही पाय मोकळे, उजवा ब्रेकच्या वर तयार. खालच्या चौकात थांबायचं असेल तर ब्रेक आधी दाबा, आणि गाडी थरथरायला लागायच्या जरा आधी, शेवटी क्लच.